बिलातले तीन हजार सहाशे

घासाघीस करायला माझी ना नाही. दुकान उघडून बसलं की गिऱ्हाईक भाव पाडून मागणारच, मीही घाऊकवाल्याकडे तेच करते. पण भाव पाडायचा म्हणून समोरच्याला आधी चोर ठरवायचं, ही जी रीत आहे ना आपल्याकडे, तिच्याशी माझं भांडण आहे. आणि ज्या दिवसाबद्दल लिहिते आहे, त्या दिवशी ते भांडण मला चांगलंच महाग पडलं.

वारज्यात माझं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे. वायर, बटणं, पंखे, बल्ब. माझे वडील शहरातल्या इलेक्ट्रिकच्या बाजारात हमाली करायचे, वायरची भेंडोळी खांद्यावरून वाहायचे. कॉलेजचं तोंड पाहिलेली आमच्या घराण्यातली मी पहिली. बी.कॉम. झाले, तीन वर्षं एका ऑफिसात दुसऱ्यांची बिलं तपासली, आणि मग वडिलांची बाजारातली ओळख व माझी बचत एकत्र करून हा गाळा घेतला. माझं पदवीचं प्रमाणपत्र वडिलांनीच फ्रेम करून काउंटरमागे टांगलं. मला जरा लाजल्यासारखं झालं होतं, पण काढलं नाही. का काढायचं?

तर एका सकाळी आमच्या भागातला एक वायरमन एका काकांना घेऊन आला. हा वायरमन नांदेडकडचा, पंधरा वर्षं पुण्यात, हातात कला असलेला माणूस. माझ्या दुकानातली निम्मी मोठी बिलं त्याच्या ओळखीने व्हायची. मी त्याला भाऊ म्हणते, तो मला ताई. काका कोथरूडचे, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांच्या जुन्या फ्लॅटमधली वायरिंग एका जागी जळाली होती, म्हणून सगळं घर नव्याने करायचं होतं. भाऊने सामानाची यादी केली होती.

काकांनी दुकानात पाऊल टाकलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "मालक कुठे आहेत?"

"समोर."

"नाही, म्हणजे भावाबिवाचं कुणाशी बोलायचं?"

"समोरच्याशीच. बसा काका."

भाऊ दारापाशी टेकून चहा घेत हसला. मीही हसले. सवय आहे.

यादी बघून मी हिशेब केला. सामान बहात्तर हजारांचं, त्यावर अठरा टक्के जीएसटी, बारा हजार नऊशे साठ. एकूण चौऱ्याऐंशी हजार नऊशे साठ. कोटेशन काकांच्या हातात दिलं. दुकान सुरू होऊन दीड वर्ष झालं होतं, आणि एका घराचं एवढं मोठं काम तोपर्यंत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकंच मिळालेलं.

काकांनी आकडा वाचला, चष्मा काढला, पुसला, परत लावला. बहुतेक आकडा कमी होईल असं वाटलं असावं.

"दहा टक्के कमी करा. मग बोलू."

"काका, दहा नाही जमणार. जिथे होईल तिथे करून देते."

"जमणार नाही? अहो, तुम्ही लोक दामदुप्पट लावता हे काय मला माहीत नाही? चाळीस-चाळीस टक्के खाता." मग त्यांची नजर माझ्या डोक्यावरून मागे गेली. फ्रेम वाचली. "बी.कॉम.! वा. लुटायला आता पदवी लागते वाटतं."

हे ते अगदी शांतपणे म्हणाले. आमच्या शहरात अपमान शांतपणेच करतात, आवाज चढवणं असभ्य समजतात. माझे कान गरम झाले. हमालाची मुलगी शिकली, दुकान थाटलं, दर महिन्याला वेळेवर जीएसटी भरते, आणि हा माणूस खुर्चीवर बसून दोन मिनिटांत मला दरोडेखोर ठरवून मोकळा.

खरं तर मी म्हणायला हवं होतं, "परवडत नसेल तर दुसरीकडे बघा." वडिलांनी तेच शिकवलं होतं. खरेदीचा भाव गिऱ्हाइकाला कधी दाखवायचा नाही, हा त्यांच्या बाजाराचा पहिला नियम. पण मी खुर्ची पुढे ओढली, कोटेशन उलटं केलं आणि पेन काढलं.

"चाळीस टक्के ना? चला, शोधू या कुठे आहेत. सापडले तर अर्धे तुमचे."

"आता कसं!" काका पुढे सरकले.

"आधी कर बाजूला ठेवते. तुमच्याकडून घेतलेला जीएसटी माझा नाही. मी माल घेताना भरलेला त्यातून वजा करते, उरलेला सरकारला जातो. तुमच्याच जुन्या मालकाला."

यावर भाऊ खोकल्यासारखं हसला.

मी रकाने पाडले. माझी खरेदी डावीकडे, तुमचा भाव उजवीकडे. वायर, दहा भेंडोळी: सव्वीस हजारांना घेतली, सत्तावीस हजार तीनशेला देते. पंखे चार: आठ हजार आठशेचे नऊ हजार सातशे. एमसीबी आणि त्यांचा डबा: पाच हजारांचे सहा. पाइप, पट्ट्या, टेप, स्क्रू: तीन हजारांचे चार. आणि बटणं, सॉकेट, त्यांच्या प्लेटा: वीस हजारांचे पंचवीस.

"वायरवर एवढंच?" काकांनी डावा रकाना बोटाने दाबून धरला.

"तांब्याचा भाव रोज पेपरात येतो. प्रत्येक दुकानदाराला माहीत असतो, त्यामुळे वायरवर कुणीच फार चढवू शकत नाही. वायरवर दुकानात माणूस येतो, बटणांवर दुकान चालतं."

"म्हणजे बटणांवर पंचवीस टक्के! बघा, मी म्हटलं नव्हतं?" काका विजयी झाले. "ठीक आहे. मी काही लोभी माणूस नाही. पंचवीसातले वीस मला सोडा, पाच तुम्ही ठेवा."

"नक्की?"

"नक्की."

"मग पंचवीस हजारांचे वीस टक्के किती होतात, तेवढं मोबाइलवर काढा."

त्यांनी काढलं. पाच हजार. मग माझ्या रकान्याकडे पाहिलं. पंचवीसातून पाच गेले की वीस, आणि वीस तर माझी खरेदीच.

"अहो, पण पाच टक्के उरायला हवेत."

"काका, मी पंचवीस टक्के चढवले ते माझ्या वीस हजारांवर. तुम्ही वीस टक्के मागताय ते तुमच्या पंचवीस हजारांवर. तुमची टक्केवारी मोठ्या आकड्यावर बसते. त्यामुळे माझे पंचवीस आणि तुमचे वीस, दोन्ही एकच पाच हजार. मला उरतो भोपळा."

त्यांनी पुन्हा मोबाइलवर गुणाकार केला. मोबाइलनेही माझीच बाजू घेतली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

"आता सगळ्याची बेरीज. खरेदी बासष्ट हजार आठशे, विक्री बहात्तर हजार. मधे सुटतात नऊ हजार दोनशे. कराशिवायच्या रकमेवर तुमचे दहा टक्के म्हणजे सात हजार दोनशे. राहिले दोन हजार. आणि गाळ्याचं भाडं, वीज, कामाच्या बाईंचा पगार, माल पोचवणं, जळका निघालेला माल बदलून देणं, हे मला शंभराच्या विक्रीमागे चार रुपये पडतं. या बिलात दोन हजार आठशे ऐंशी. म्हणजे दहा टक्के दिले तर मी माझ्या पदरचे आठशे ऐंशी घालून तुमच्या घरात दिवे लावते."

"हं. मग सूट नाहीच म्हणा."

"आहे. पण ती माझा खर्च जिथे खरोखर कमी होतो तिथे आहे." आणि मी दाखवलं. माल मी घाऊकवाल्याकडून महिन्याच्या उधारीवर उचलते. काकांनी पैसे आधी दिले तर मी रोखीने घेईन, आणि रोखीला तो वायरवर तीन टक्के सोडतो. सातशे ऐंशी. यादीतली बटणं सुटी आहेत, पूर्ण खोकी घेतली तर त्यावरही तीन टक्के, सहाशे. उरलेली बटणं दुकानात राहतील, ती काही शिळी होत नाहीत. आणि भाऊने सगळा माल एकदाच नेला, रोज एक नग मागवला नाही, तर टेम्पोच्या दोन फेऱ्या वाचतील, चारशे. "एक हजार सातशे ऐंशी. माझ्या खिशाला धक्का न लावता एवढे तुमचे."

काका कागद जवळ घेऊन वाचत होते. वाचता येत होतं त्यांना, ते कबूल करायला हवं. अंगठा एकेका ओळीवरून खाली सरकवत त्यांनी स्वतःच वजाबाकी केली.

"नऊ हजार दोनशे. त्यातून तुमचा खर्च दोन हजार आठशे ऐंशी गेला. राहतात सहा हजार तीनशे वीस. हे सगळे तुमचे?"

आणि तिथे मी अडकले.

कारण ते सगळे माझे नव्हते. त्यातले तीन हजार सहाशे भाऊचे होते. जो वायरमन गिऱ्हाईक आणतो, त्याला कराआधीच्या बिलावर पाच टक्के द्यायचे, ही आमच्या धंद्यातली रीत. सगळीकडे आहे. गिऱ्हाईक गेल्यावर पाकीट द्यायचं, आणि ते पैसे भावात आधीच बसवायचे. न देणाऱ्या दुकानात वायरमन दुसऱ्यांदा येत नाही. मीही दीड वर्ष देत होते, आणि रात्री छान झोपत होते.

दारातला चहा संपला होता. भाऊने माझ्याकडे बघून मान अगदी किंचित हलवली. नको.

"हो" म्हटलं असतं तर काम माझं होतं. पण मग सहा हजार खाणारी मी ठरले असते, आणि तो माणूस पुढची दहा वर्षं कोथरूडच्या कट्ट्यावर सांगत बसला असता की शिकलेल्या पोरीने कसं गंडवलं. आणि "नाही" म्हटलं तर भाऊ गेला. भाऊबरोबर माझी निम्मी बिलं.

मी अजून विचारच करत होते, तेवढ्यात काका म्हणाले, "गप्प का? बी.कॉम.ला वजाबाकी शिकवत नाहीत?"

"तीन हजार सहाशे वायरमनचं कमिशन आहे," मी म्हणाले. "माझे राहतात दोन हजार सातशे वीस. घ्या, झाली वजाबाकी."



काका वळले. "अच्छा! म्हणजे तू दलाल. माझ्याकडून मजुरीही घेणार आणि इथून माझ्याच पैशातून पाकीटही!"

"काका, तोंड सांभाळून," भाऊ म्हणाला. मग माझ्याकडे बघून, हळू, "ताई, काय केलंस हे."

"खरं आहे की नाही?" काका उभे राहिले.

"खरं हाय. आता माझंबी खरं ऐका." भाऊने कप काउंटरवर ठेवला. "तुमच्या घरात पन्नास पॉइंट हायेत. दिवा, पंखा, प्लग, सगळे धरून. मी एका पॉइंटची मजुरी साडेतीनशे सांगितली होती. तुम्ही दोन तास बसवून दोनशे ऐंशीवर आणली. आणली का नाही?"

"बाजारभाव तोच आहे."

"पॉइंटमागं सत्तर. पन्नास पॉइंटचे साडेतीन हजार माझे कापले. वर चहासुद्धा पाजला नाही. मी म्हटलं जाऊ दे, मालात निघतंय. म्हणून तर हो म्हटलं."

हे मला माहीत नव्हतं. काकांना राग आला होताच, आता मलाही नव्याने आला, आणि तो दोघांवरही होता. मी कागद परत ओढला.

"काका, बसा. एक मिनिट. मजुरीत तुम्ही साडेतीन हजार वाचवलेत. ते वाचवले म्हणून भाऊंनी इथून तीन हजार सहाशे घेतले. पण ते सामानाच्या भावात घुसले, म्हणजे त्यावर तुम्ही अठरा टक्के करही भरणार. चार हजार दोनशे अठ्ठेचाळीस. दोन तास बसून तुम्ही सातशे अठ्ठेचाळीस रुपये घालवलेत."

काका बसले.

"मी कमिशन काढून टाकते. माझे एक हजार सातशे ऐंशीही सोडते. सामान सहासष्ट हजार सहाशे वीस, करासकट अठ्ठ्याहत्तर हजार सहाशे बारा. आधीच्यापेक्षा सहा हजार तीनशे अठ्ठेचाळीस कमी. तुम्ही भाऊंना पॉइंटमागे त्यांचे साडेतीनशे उघड द्या. तरी जवळजवळ तीन हजार वाचतात."

काकांनी तो आकडा मोबाइलवर पडताळून पाहिला. मग जे म्हणाले ते मी कधी विसरणार नाही. "ठीक. सामान अठ्ठ्याहत्तर हजार सहाशे बाराला द्या. मजुरी मात्र दोनशे ऐंशीच. ती ठरलेली आहे."

मी पेन खाली ठेवलं. हा माणूस तासभर मला चोर म्हणत होता!

"मग नाही देणार," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"मजुरी पूर्ण देणार असाल तर हा भाव. नाहीतर मघाचा. कमिशन म्हणजे तुम्ही कापलेली मजुरी आहे, काका. दोन्ही ठिकाणी कापता येणार नाही."

"दुकान तुमचं, अटी तुमच्या," काका पुटपुटले. मग फार मोठा उपकार केल्यासारखं भाऊकडे वळले. "घे बाबा, साडेतीनशे घे."

"आता चारशे," भाऊ म्हणाला.

"का?"

"दलाल म्हणालात त्याचे पन्नास."

मला हसू आवरेना. काका माझ्याकडे बघायला लागले, जणू मी पंच. मी हिशेब केला आणि सांगितलं, "चारशे दिले तरी तुम्ही तीनशे अठ्ठेचाळीस रुपये फायद्यात आहात."

शेवटी तीनशे पंच्याहत्तरवर ठरलं. पैसे आगाऊ आले, माल एका फेरीत गेला. काम उत्तम झालं, असं काकांनी फोन करून सांगितलं. माफी वगैरे मागितली नाही. मीही वाट पाहिली नव्हती.

गोष्ट इथेच संपायला हवी, म्हणजे सगळ्यांना शहाणपण आलं असं वाटेल. पण भाऊ परत आला नाही. त्याला त्या कामात पाकिटापेक्षा जास्त मिळाले होते, तरी आला नाही. महिन्याभराने रस्त्यात भेटला तेव्हा म्हणाला, "पैशाचं नाही ताई. गिऱ्हाइकासमोर उघडं पाडलंस. मला बाजूला घेऊन विचारायचं होतंस." त्यात तथ्य आहे. मी रागात होते, आणि माझी इज्जत वाचवायला त्याची खर्ची घातली. हे मी त्याला तिथेच सांगितलं. तो बरं म्हणाला आणि गाडीला किक मारून गेला. तोवर बाकीच्या वायरमनांतही बातमी पसरली होती: वारज्यातली ती ताई गिऱ्हाइकाला सगळं सांगते. एकेक करून ते यायचे थांबले.

मग मीही हट्टाला पेटले. कमिशन बंद. सगळ्याच भावांतून ते पाच टक्के काढून टाकले, आणि तशी पाटी लावली: इथे वायरमनला कमिशन दिले जात नाही, भाव त्याप्रमाणे कमी आहेत. मला वाटलं, स्वस्त दिलं तर लोक आपणहून येतील. मोठी बिलं तीन महिने निम्म्याच्याही खाली गेली. वडील रोज संध्याकाळी येऊन नुसते गल्ल्याकडे बघून जायचे. प्रामाणिक दुकानदार हवा म्हणून ओरडणारे लोक वायरमन नेईल त्या दुकानात मुकाट जातात, तिथे पाच टक्के जास्त भरतात आणि घरी येऊन महागाईवर बोलतात. याचा मला अजून राग आहे. तो जाईल असं वाटत नाही.

चौथ्या महिन्यात त्याच काकांच्या सोसायटीतल्या एक बाई आल्या. काकांनीच पाठवलं होतं. स्वयंपाकघर नव्याने करायचं होतं, अठरा हजारांचं सामान. मला फार आनंद झाला. कोटेशन दिलं. बाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, "आता यातून ते पाच टक्के काढा."

"कुठले?"

"कमिशनचे. काका म्हणाले, तुम्ही ते काढून देता."

"ते आधीच काढलेत. पाटी बघा. या भावात कमिशन नाहीच."

"हो, पण त्यांना तर काढून दिलंत."

"तेव्हा भावात होतं म्हणून काढता आलं. आता नाही, तर काढू काय?"

बाईंनी पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की आपल्याला फसवलं जातंय. "त्यांना एक भाव, आम्हाला एक. असू दे. माणूस बघून बोलता वाटतं तुम्ही."

मी खुर्ची पुढे केली, म्हटलं बसा, रकाने पाडून दाखवते. त्यांना वेळ नव्हता. जाता जाता नऊ वॅटचा एक बल्ब मात्र घेतला, आणि त्यावर किती टक्के सुटतील, तेही विचारलं.